कन्सोलवर फ्लॅग बंद केला, मग ऑर्डरी कुणाच्या येतायत?

प्रश्न: आमचं ठाणे ते डोंबिवली पट्ट्यात किराणा पोचवणारं ॲप आहे, दिवसाला साधारण 3,000 ऑर्डरी. नवीन चेकआउट स्क्रीन फायरबेस रिमोट कॉन्फिगच्या फ्लॅगमागे ठेवून 10 टक्के लोकांना दिली. पैसे कापले पण ऑर्डर नाही, अशा तक्रारी आल्या म्हणून सकाळी सव्वादहाला फ्लॅग बंद केला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नव्या स्क्रीनवरून ऑर्डरी येत होत्या. ऑफिसातल्या फोनवर मात्र बदल लगेच दिसतो. फ्लॅगवर भरवसा ठेवायचा की दर वेळी नवीन रिलीजच काढायचं?

उत्तर:

भरवसा ठेवा, फक्त त्या बटणाकडून विजेच्या बटणाची अपेक्षा ठेवू नका. छापखान्यात मजकूर बदलला म्हणून सकाळी दारात पडलेला पेपर बदलत नाही, तसंच हे आहे. कन्सोलवर तुम्ही बदलता ती मूळ प्रत. तुमच्या ग्राहकाचं ॲप चालतं ते त्याच्या फोनमध्ये पडून असलेल्या प्रतीवर. ही प्रत किती जुनी आहे आणि ॲप ती कोणत्या क्षणी वाचतं, या दोनच गोष्टींत तुमची सगळी अडचण आहे.

आधी वेळेचा हिशोब करू. रिमोट कॉन्फिगमध्ये दोन वेगळ्या पायऱ्या असतात. `fetch` म्हणजे सर्व्हरवरून नवी मूल्यं आणून फोनमध्ये बाजूला ठेवणं, आणि `activate` म्हणजे ती वापरात आणणं. दोन फेचमध्ये किमान अंतर किती, हे ठरवणारी सेटिंग आहे आणि तुम्ही ती हात लावून बदलली नसेल तर ते अंतर 12 तासांचं असतं.

आता तुमच्या एका ग्राहक बाई धरा. सकाळी 8:30 ला डोंबिवलीहून लोकलमध्ये चढल्या आणि ॲप उघडून संध्याकाळची भाजी टाकायला लागल्या. त्या वेळी ॲपने फेच केलं, फ्लॅग चालू होता. 10:15 ला तुम्ही तो बंद केला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ॲप पुन्हा उघडलं. ॲपने फेच मागितलं, पण 12 तास झाले नव्हते, म्हणून एसडीकेने सर्व्हरकडे न जाता फोनमधलीच जुनी प्रत दिली. इथे चूक म्हणून काहीच दिसत नाही. कॉल यशस्वी झाला असंच उत्तर येतं, त्यामुळे लॉगमध्ये सगळं हिरवंगार. रात्री 9 ला त्यांनी परत उघडलं तेव्हा खरं फेच झालं. पण तुमचं ॲप फक्त सुरू होताना `activate` करत असेल, तर त्या वेळची स्क्रीनही जुन्याच मूल्यावर चालली आणि बंद झालेला फ्लॅग त्यांना दिसला तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये. झाले जवळजवळ 22 तास. तुम्हाला सकाळपर्यंत दिसलेल्या ऑर्डरी यातल्याच.

ऑफिसात लगेच बदलतं त्याचं कारण बहुतेक हे असेल:

```kotlin
val settings = remoteConfigSettings {
    minimumFetchIntervalInSeconds =
        if (BuildConfig.DEBUG) 0 else 43200
}
```

डीबग बिल्डमध्ये शून्य ठेवणं बरोबरच आहे, नाहीतर कामच करता येणार नाही. पण मग चाचणीही त्याच बिल्डवर होते आणि बाहेरच्या जगात काय होईल हे ऑफिसात कुणी पाहिलेलंच नसतं. मी आता प्रत्येक रोलआउटआधी स्टोअरमध्ये जाणारं बिल्ड दोन जुन्या फोनवर टाकतो, फ्लॅग चालू करतो, बंद करतो आणि घड्याळ लावून बसतो. रिलीज बिल्डमध्येही अंतर शून्य करून टाकू नका. फार फेच मागितलं की एसडीके आणि सर्व्हर थ्रॉटल करतात, आणि नेमकं गरजेच्या वेळी फेच अडतं. रोलआउट करायचं असलेल्या बिल्डमध्ये मी 3600 सेकंद ठेवतो. हा आकडा ॲपच्या कोडमध्ये जातो, तेव्हा तो रिलीजच्या आधीच ठरवावा लागतो.

कुठल्या फोनकडे किती जुनी प्रत आहे हे कळायला एक सोपी सोय आहे. `FirebaseRemoteConfig` च्या `info.fetchTimeMillis` मध्ये शेवटच्या यशस्वी फेचची वेळ मिळते. ऑर्डर सर्व्हरला पाठवताना तिच्यासोबत ही वेळ आणि वापरलेला प्रकार (`v1` की `v2`) पाठवा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला हात लावायची वेळ येत नाही. एक क्वेरी मारली की कळतं, या ऑर्डरी 14 तास जुन्या प्रतीवरून आल्यात.

हे झालं उशिराचं. त्याहून मला तुमच्या मूळ तक्रारीची काळजी वाटते. पैसे कापले आणि ऑर्डर नाही, हा दोष नव्या स्क्रीनचाच आहे असं तुम्ही धरून चाललात. असेलही, मी तुमचा कोड पाहिलेला नाही. पण फ्लॅग कुठे वाचला जातो हे बघितल्याशिवाय नव्या स्क्रीनला दोष देऊ नका, कारण नेमकी हीच तक्रार फ्लॅग चुकीच्या जागी वाचल्यानेही येते आणि ती मी स्वतः निस्तरलेली आहे.

आमच्याकडे `fetchAndActivate()` हा कॉल चेकआउट स्क्रीनच्या `onResume` मध्ये होता. कुणीतरी उदाहरणातून उचलून तिथे ठेवला होता. आता बघा काय होतं. ग्राहक पैसे द्यायला यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, परत येतो. परत आला की `onResume` चालतं, नवी मूल्यं येतात आणि लगेच लागू होतात. जाताना जुनी स्क्रीन होती, येताना नवी. नव्या स्क्रीनला मधल्या व्यवहाराचा पत्ताच नाही, ती म्हणते पैसे भरा. काही लोक घाबरून ॲप बंद करतात, काही खरोखरच दुसऱ्यांदा भरतात.

असं किती वेळा घडणार, असं वाटेल. पण दहा टक्क्यांतला प्रत्येक जण एकदा तरी या उंबरठ्यावरून जातोच. ॲप नव्याने टाकलेल्या माणसाच्या फोनमध्ये सुरुवातीला डीफॉल्ट म्हणजे `false` असतं, काही सेकंदांनी `true` येतं. तुम्ही टक्का वाढवलात की नव्याने आत आलेल्या प्रत्येकाचं मूल्य पलटतं. आणि घाईघाईत फ्लॅग बंद केलात की आत असलेल्या सगळ्यांचं पलटतं. म्हणजे तक्रारी थांबवायला केलेला बदलच नव्या तक्रारी आणतो. तुमच्या तक्रारींच्या वेळा कागदावर मांडून बघा. फ्लॅग चालू केल्याच्या आणि बंद केल्याच्या पुढच्या काही तासांत त्यांची गर्दी असेल तर संशय पलटण्यावर घ्या. दिवसभर सारख्या पसरलेल्या असतील तर नव्या स्क्रीनवर.

उपाय असा: फ्लॅग एकदाच वाचायचा, ग्राहकाने चेकआउट सुरू केलं त्या क्षणी. आणि वाचलेलं उत्तर ऑर्डरच्या मसुद्याला चिकटवायचं.

```kotlin
val draft = OrderDraft(
    cartId = cart.id,
    checkoutVariant = flags.checkoutVariant(userId)
)
draftStore.save(draft)
```

पुढची एकही स्क्रीन रिमोट कॉन्फिगला काही विचारत नाही, सगळ्या `draft.checkoutVariant` बघतात. शेवटची `save` ची ओळ महत्त्वाची आहे. मेमरीतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवून भागत नाही, कारण कमी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर ग्राहक यूपीआय ॲपमध्ये असताना मागे तुमचं ॲप सिस्टिमने मारलेलं असू शकतं. तो परत येतो तेव्हा ॲप नव्याने सुरू होतं आणि सुरू होताना नवी मूल्यं लागू करतं. व्हेरिएबल तर गेलंच. म्हणून मसुदा डिस्कवर किंवा सर्व्हरवर हवा. ऑफिसातल्या 12 जीबी रॅमच्या फोनवर हे सहसा दिसत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Don't keep activities` चालू करून काही चुका सापडतात, पण त्याने पूर्ण प्रोसेस मरत नाही. ती मारायला, ॲप मागे गेलेलं असताना `adb shell am kill` आणि पुढे तुमच्या पॅकेजचं नाव, ही कमांड वापरा.

आता तुमचा खरा प्रश्न, बंद केलं की बंद कसं व्हायचं. मी यासाठी दोन वेगळ्या गोष्टी ठेवतो. नवी स्क्रीन कुणाला मिळावी हे रिमोट कॉन्फिग ठरवतं, तिथे काही तासांचा उशीर झाला तरी चालतो. पण थांबवायचा अधिकार सर्व्हरकडे. चेकआउट सुरू होताना ॲप `POST /checkout/start` करतं आणि सांगतं, माझ्या हिशोबाने या ग्राहकाला `v2`. सर्व्हर त्याच्याकडची एक नोंद बघतो आणि उत्तरात अंतिम प्रकार पाठवतो. नोंद बंद असेल तर तो `v1` म्हणतो आणि ॲप मुकाट्याने जुनी स्क्रीन उघडतं. ग्राहकाच्या फोनमधली प्रत कितीही शिळी असो, पुढच्या चेकआउटपासून फरक पडतो. जे आधीच `v2` मध्ये शिरलेत त्यांना तिथेच पूर्ण करू द्या. त्यांना मध्येच बाहेर काढणं म्हणजे पुन्हा तोच उंबरठा.

हे चेकआउटला जमतं, कारण ऑर्डर द्यायला नेट लागतंच. होम स्क्रीनवरची मांडणी किंवा यादी दाखवायची पद्धत बदलत असाल तर प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारून स्क्रीन अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तिथे सुरू होताना जे फोनमध्ये आहे ते लागू करा, मागे फेच करा, आणलेलं पुढच्या वेळी वापरा. एक दिवस उशीर झाला तर बिघडलं काय?

फायरबेसमध्ये 2023 पासून रिअल टाइमची सोय आहे. `addOnConfigUpdateListener` लावला की ॲप उघडं असताना सर्व्हरशी जोडणी राहते, कन्सोलवर नवी आवृत्ती प्रकाशित झाली की फोनला कळतं आणि किमान अंतराची अट बाजूला ठेवून फेच होतं. ती जरूर वापरा, तुमचे 22 तास बऱ्याच ग्राहकांसाठी काही सेकंदांवर येतील. पण त्याला थांबवण्याचं एकमेव साधन करू नका. खिशातल्या फोनला काही कळत नाही, ॲप उघडेपर्यंत. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे जोडणी तुटते. आणि लिसनरमध्ये `activate` केलंत तर मसुद्याचा नियम पाळलेला असायलाच हवा, नाहीतर आता पलटणं `onResume` ची वाटही बघणार नाही.

स्टोअरच्या टप्प्याटप्प्याच्या रिलीजने हे सगळं वाचत नाही का, असं आमच्या नव्या मुलांपैकी कुणीतरी दर वर्षी विचारतं. प्ले स्टोअरवर रोलआउट थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे अपडेट पोचलं त्यांच्याकडून ते परत घेता येत नाही. ॲपलचं फेज्ड रिलीज 7 दिवसांत 1, 2, 5, 10, 20, 50, 100 टक्के असं जातं, थांबवता येतं, पण मागे नेता येत नाही. म्हणून मी दोन्ही एकामागून एक वापरतो. आधी नवं बिल्ड फ्लॅग शून्यावर ठेवून सगळ्यांकडे जाऊ देतो. क्रॅश वाढले नाहीत असं दिसलं की मग फ्लॅग उघडायला लागतो. दोन्ही एकदम हलवले तर बिघाड बिल्डचा की स्क्रीनचा, हे कळत नाही.

टक्केवारीबद्दल तुम्ही थेट 10 वर गेलात. चूक म्हणणार नाही, पण प्रत्येक पायरीवर आपण काय बघणार आहोत हे आधी ठरवा. तुमच्या 3,000 ऑर्डरींवर मांडू. समजा जुन्या स्क्रीनवर 100 पैकी 2 पेमेंट फसतात आणि नव्या स्क्रीनमधल्या दोषामुळे ते 4 झालेत. 1 टक्क्यावर दिवसाला 30 ऑर्डरी नव्या स्क्रीनवरून येणार. त्यात फसलेली पेमेंट 0.6 च्या जागी 1.2. यावरून कुणी काही सांगू शकणार नाही. 5 टक्क्यांवर 150 ऑर्डरी, 3 च्या जागी 6. शंका येईल, पण एखाद्या बँकेचा सर्व्हर दुपारभर झोपला तरी एवढा फरक पडतो. 20 टक्क्यांवर 600 ऑर्डरी, 12 च्या जागी 24. आता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

म्हणजे 1 टक्का हा फक्त ढोबळ मोडतोड पकडायला: स्क्रीन उघडतच नाही, क्रॅश होतोय, ऑर्डरच तयार होत नाही. तिथे एक दिवस पुरे. बारीक दोष 20 टक्क्यांवरच दिसतात आणि तिथे मी पूर्ण आठवडा थांबतो, कारण शनिवार-रविवारचा किराणा आणि मंगळवारचा किराणा वेगळा असतो. मुसळधार पावसाचा दिवस मोजणीत धरत नाही. त्या दिवशी नेटवर्क, डिलिव्हरी, माणसं, सगळंच वेगळं वागतं.

मोजताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, कन्सोलवर 20 लिहिलं म्हणून 20 टक्के ऑर्डरी लगेच नव्या स्क्रीनवरून येत नाहीत. फोन जसजसे फेच करतील तसा तो आकडा चढत जातो. तुम्ही ऑर्डरीला चिकटवलेला प्रकार मोजा, कन्सोलवरचा आकडा मोजू नका. दुसरं, तुलना एकाच ॲप व्हर्जनमध्ये करा. नवी स्क्रीन फक्त नव्या व्हर्जनवर असते आणि नवं व्हर्जन पटकन घेणारे लोक बहुधा चांगला फोन, चांगलं नेट असणारे असतात. त्यांची तुलना सगळ्या जुन्या फोनशी केली तर तुमची नवी स्क्रीन उगाचच गुणी दिसेल. आमची दिसली होती. तीन आठवडे आम्ही खूश होतो.

आता हे 10 टक्के म्हणजे नेमके कोण? फायरबेसची यादृच्छिक टक्केवारीची अट माणसाला ओळखत नाही, ॲपच्या त्या इन्स्टॉलला ओळखते. ॲप काढून पुन्हा टाकलं की नवा क्रमांक, कदाचित वेगळा गट. नवरा-बायको एकाच खात्यावरून दोन फोनवर ऑर्डर करत असतील तर एकाला जुनी स्क्रीन आणि एकीला नवी. किराण्यात हे सर्रास असतं, आणि मग ग्राहक सेवेला फोन येतो की ‘ह्यांच्या फोनवर दिसतंय, माझ्या का नाही?’ बहुतेक बदलांना हे चालून जातं. पण पैशाच्या स्क्रीनला मी गट खात्यावरून ठरवतो. कन्सोलवर `true`/`false` ऐवजी एक आकडा ठेवतो, `checkout_v2_percent`, आणि ॲपमध्ये ग्राहकाचा बादली क्रमांक काढतो:

```kotlin
fun bucket(userId: String, salt: String): Int {
    val crc = CRC32()
    crc.update("$salt:$userId".toByteArray())
    return (crc.value % 100).toInt()
}
```

उत्तर 0 ते 99. क्रमांक टक्क्यापेक्षा लहान असेल तर `v2`. 5 चे 20 केलेत तर आधीचे पाच टक्के आतच राहतात, फक्त नवे येतात. `salt` मध्ये फ्लॅगचं नाव द्या. नाहीतर प्रत्येक नव्या प्रयोगात तेच कमनशिबी पाच टक्के लोक सापडतात. आयफोनवर हाच हिशोब अगदी हाच यायला हवा. तिथे स्विफ्टचं `hashValue` वापरायचा मोह होतो, पण ते ॲप प्रत्येक वेळी सुरू झालं की वेगळं येतं, मुद्दाम तसं केलेलं आहे. एका टीमला मी यावरून दोन दिवस डोकं खाजवताना पाहिलंय: ग्राहकाची स्क्रीन दर वेळी बदलते आणि फ्लॅगला तर कुणी हातही लावलेला नाही.

नावाबद्दलही एक सवय लावून घ्या. मूल्य मिळालंच नाही तर जुनं वागणं राहील अशीच दिशा ठेवा. कॉन्फिगमध्ये की नसेल, नावात टायपो असेल, डीफॉल्ट द्यायचं राहिलं असेल, तर फायरबेस गुपचूप `false`, `0` किंवा रिकामी स्ट्रिंग देतं. `checkout_v2_percent` शून्य आला तर काही बिघडत नाही. फ्लॅगचं नाव `disable_new_checkout` असतं तर त्याच टायपोने नवी स्क्रीन सगळ्यांना उघडली असती. हे तपासायला ॲप काढून टाका, विमान मोड लावा, पुन्हा बिल्ड टाका आणि उघडा. त्या वेळी जे दिसेल तेच तुमचं खरं डीफॉल्ट.

आता तुमच्या सध्याच्या स्थितीत काय करायचं. बिघाड सापडला, दुरुस्त करून नवं व्हर्जन काढलंत, तर जुनाच फ्लॅग परत चालू करू नका. दुरुस्त न झालेलं बिल्ड अजून हजारो फोनवर आहे आणि तेही तोच फ्लॅग वाचतं. कन्सोलवर ॲप व्हर्जनची अट लावून हे टाळता येतं, पण सहा महिन्यांनी ती अट कुणीतरी साफसफाईत काढतं. मी सरळ नवी की करतो, `checkout_v3_percent`, आणि दुरुस्त कोड फक्त तीच वाचतो. जुन्या बिल्डला ती ठाऊकच नाही. `checkout_v2_percent` कायम शून्यावर.

फ्लॅगचं जुनं नाव नव्या कामाला वापरणं हा आमच्या धंद्यातला जुना गुन्हा आहे. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने एक पडीक फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता, तिथे त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा केला. पाऊण तासात कंपनीचे 40 कोटी डॉलरहून जास्त गेले. त्यांचे सर्व्हर आठ होते. तुमच्या जुन्या व्हर्जनचे फोन किती आहेत ते प्ले कन्सोलमध्ये बघा.

आयफोनसाठी एवढंच: फ्लॅगने फक्त बिल्डमध्ये आधीच असलेल्या वाटांपैकी एक निवडायची. रिव्ह्यूवाल्यांपासून लपवलेली सुविधा नंतर उघडणं ॲपलच्या नियमांत बसत नाही, तेव्हा रिव्ह्यूच्या टिपणात नव्या स्क्रीनबद्दल लिहा. आणि रिमोट कॉन्फिगमध्ये पेमेंटच्या गुप्त की किंवा पुढच्या महिन्याच्या सवलतीचे कोड ठेवू नका. फोनपर्यंत गेलेलं काहीही वाचता येतं.

राहिलं शेवटचं, ज्यात मी स्वतः तोंडावर पडलोय. नवी स्क्रीन 100 टक्क्यांवर गेली, महिनाभर नीट चालली, मग कोडमधून जुनी स्क्रीन आणि फ्लॅग दोन्ही काढले आणि नवं व्हर्जन सोडलं. सगळं व्यवस्थित. दोन आठवड्यांनी कन्सोलवर ‘न वापरलेल्या’ की दिसल्या म्हणून मी त्या पुसल्या. त्या संध्याकाळी जुन्या व्हर्जनवरच्या ग्राहकांच्या ऑर्डरी एकेक करून पडायला लागल्या. की पुसली गेली, म्हणून त्या फोनवर बिल्डमधलं डीफॉल्ट लागू झालं, म्हणजे शून्य, म्हणजे जुनी चेकआउट स्क्रीन. आणि त्या स्क्रीनची एपीआय आम्ही सर्व्हरवरून आदल्याच आठवड्यात काढली होती. रिमोट कॉन्फिगचा आवृत्त्यांचा इतिहास असतो, त्यातून मागच्या आवृत्तीवर जाता येतं, ते दहा मिनिटांत केलं. पण फोनपर्यंत पोचायला परत तेच तास.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी कोडमधून फ्लॅग काढायचा, कन्सोलवर की 100 वरच ठेवायची. ती वाचणारं शेवटचं व्हर्जन सक्तीच्या अपडेटने बाद झालं की मग जुनी एपीआय काढायची, आणि की सगळ्यांत शेवटी. कीच्या वर्णनाच्या रकान्यात ती कुठल्या व्हर्जनपासून कुठल्या व्हर्जनपर्यंत वाचली जाते ते लिहून ठेवतो, कारण पुसायला बसणारा माणूस बहुतेक वेळा ती बनवणारा नसतो.